पूर्वेचे दोन रकाने

आमच्या पूर्व विभागाच्या विक्रेत्याला ऑफिसात सगळे कुंभकर्ण म्हणतात, आणि हे नाव त्या माणसाने झोपून कमावलेलं आहे. आमचा कारखाना गाद्यांचा. बाकीचे विक्रेते दुकानात नमुन्याची गादी टाकतात, ती दाबून दाखवतात आणि तोंडाला फेस येईपर्यंत बोलतात. हे गृहस्थ चपला काढतात आणि सरळ आडवे होतात. "पाच मिनिटं पडतो हं," एवढंच म्हणतात. एकदा एका मोठ्या दुकानात ते असे पडले आणि खरोखरच घोरायला लागले. दुकानदार चिडला असेल असं वाटेल तुम्हाला, पण त्याने आलेल्या गिऱ्हाइकांना तोंडावर बोट ठेवून गप्प केलं आणि लांबूनच गादी दाखवली. तिथे आमचा माल आजही जातो.

मी हिशेब विभागात बसते. त्यांच्या तोंडावर मी त्यांना दादा म्हणते, माघारी मीही कुंभकर्णच म्हणते, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. महिनाअखेरच्या बैठकीला ते आले की आधी माझ्या टेबलाशी येणार, शेजारची खुर्ची ओढून बसणार आणि विचारणार, "काय ताई, झोप लागते ना?" गादीवाल्याने विचारायचा याहून चांगला प्रश्न मला तरी माहीत नाही.

गेल्या जूनपासून त्यांनी हा प्रश्न विचारायचं सोडून दिलं.

झालं असं, की जूनच्या पत्रकात पूर्व विभागाची विक्री एकदम निम्म्यावर आली. महिन्याला चारशेच्या आसपास गाद्या जायच्या, त्या दोनशेच्याही खाली. बैठकीत त्यांना कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तिकडच्या रस्त्याचं काम चालू आहे. जुलैतही तीच गत. तेव्हा ते म्हणाले, एक नवी कंपनी आली आहे. ऑगस्टमध्ये विचारलं तर नुसते बसून राहिले. त्यानंतर त्यांना कोणी विचारेनासंच झालं, आणि मला विचाराल तर ओरडा खाण्यापेक्षा ते वाईट.

आमच्याकडे विक्रेता ऑर्डर घेत नाही. तो दुकानं फिरतो, गोडी लावून येतो. दुकानदार नंतर सवडीने ऑफिसला फोन करतो, ऑर्डर इथे नोंदली जाते आणि पत्ता बघून गोदामातून माल सुटतो. त्यामुळे आपल्या फिरण्यातून किती गाद्या गेल्या, हे विक्रेत्याला महिन्याच्या पत्रकावरूनच कळतं. दुकानदार दादांना सांगायचे, "अहो, केला की फोन परवाच." दादा मान हलवायचे, आणि पत्रक आलं की त्यांना वाटायचं, माणसं आपलं मन राखायला खोटं बोलतात. वीस वर्षांच्या ओळखीची माणसं. त्यांच्याकडे जाताना दादांचा पाय अडखळायला लागला. मग ते दुप्पट फिरायला लागले. सकाळी निघायचं, अंधार पडल्यावर घरी, गुडघ्याला पट्टा बांधून. तरी आकडा जागचा हलेना.

"आता माझ्यात राम नाही राहिला, ताई," असं एकदा म्हणाले. मी त्यांना झापलं. म्हटलं, गाद्या विकणाऱ्याने असं उसवल्यासारखं बोलू नये. ते हसले, पण माझ्यासाठी हसले, हे मला कळलं.

मार्च संपता संपता मालकांनी ठरवलंच, की पूर्व विभाग बंद करून उत्तरेला जोडायचा. उत्तरेचा विक्रेता तरुण आहे, गाडी दामटत फिरतो. दादांना इथे गोदामात बसवायचं, नाही जमलं तर मोकळं करायचं. त्यांचं घर तिकडे, बायकोचं कपडे शिवायचं छोटं दुकान तिकडे, मुलगी तिकडच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला. चोपन्नाव्या वर्षी बिऱ्हाड उचलून इथे यायचं आणि गाद्यांच्या थप्प्या मोजायच्या! मालक वाईट नाहीत, पण आकड्यांपुढे त्यांचंही काही चालत नव्हतं.

शेवटचा शब्द दुपारच्या बैठकीत व्हायचा होता. सकाळीच आमचे विक्रीचे साहेब माझ्याकडे आले. साहेब शांत माणूस, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "त्या नेहमीच्या पत्रकावर नका जाऊ. दोन वर्षांची मूळ यादी घ्या आणि महिना नि विभाग लावून पिव्होट करा. एका माणसाचं सगळं आयुष्य हलवायचं आहे, तर निदान पूर्ण चित्र बघून हलवू."

मला त्यांचा राग आला. खरं सांगायचं तर कुठल्याही साहेबाचा आला असता. मला वाटलं, सुरी चालवणार तुम्ही आणि धार लावायला मी!

आणि नेमके तेवढ्यात दादा आले. सकाळच्या बसने आले होते. नवा शर्ट, गुडघ्याला पट्टा. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ताई, मी ठरवून आलोय. मालकांनी काही बोलायच्या आधी मीच सांगून टाकतो, मला मोकळं करा. त्यांनाही अवघड वाटायला नको."

"वहिनींना विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? गेले कितीतरी महिने रोज तेच सांगतोय तिला. मी कमी पडतोय. ऐकून घेते बिचारी."

मी म्हटलं, "बसा, चहा सांगते," आणि यादी उघडली.

ही यादी म्हणजे आमच्या ऑफिसातला मारुतीच्या शेपटासारखा प्रकार. खाली खाली जावं तितकी वाढतच जाते. एका ओळीत एक ऑर्डर: तारीख, दुकान, विभाग, नग. दोन वर्षांच्या हजारो ओळी. एकेक ओळ बघून बेरीज करायची म्हटली तर माझी नात शाळेत जायला लागेल, आणि माझ्या लेकीचं तर अजून लग्न व्हायचंय. पण पिव्होट टेबल ही एक गोष्ट संगणकवाल्यांनी आम्हा हिशेबवाल्यांसाठी खास केलेली आहे. सगळी यादी निवडायची, पिव्होट घाल म्हणायचं, की शेजारी एक मोकळा तक्ता येतो. मग तारीख उचलून आडव्या ओळींच्या जागी टाकायची, विभाग उचलून वरच्या रकान्यांच्या जागी आणि नग उचलून मधल्या आकड्यांच्या जागी. बाकी ते यंत्र आपण होऊन करतं. कुठली ऑर्डर कुठल्या चौकटीत जायची, हे ते एकेक ओळ वाचून ठरवतं.

दादा पडद्याकडे बघतच नव्हते. चहाच्या कपात बघत होते.

पहिल्यांदा तक्ता आला तो भलताच. एका विभागाच्या नावाखाली एकेका दिवसाला दोन, तीन, पाच असे आकडे. मी म्हटलं, दिवसाला पाचच गाद्या? मग डोक्यात प्रकाश पडला. यंत्र नगांची बेरीज करत नव्हतं, ऑर्डरींची गणती करत होतं. नगांच्या रकान्यात कुठेतरी आकड्याऐवजी अक्षरं असली की ते असंच हातपाय गाळतं आणि नुसतं मोजत बसतं. शोधलं तर सापडलं. कुणा महाभागाने एका ओळीत "चाळीस नग" असं अक्षरी लिहून ठेवलं होतं. मी तिथे आकडा घातला आणि गणतीच्या जागी बेरीज निवडली.

मग तारखा. एकेक दिवसाची वेगळी ओळ नको होती, महिन्याची हवी होती. तारखेवर उजवं बटण दाबून गट करा म्हटलं की ते विचारतं, कशाचे गट? मी महिने निवडले, आणि त्याबरोबर वर्षंही निवडली. वर्षं निवडायला विसरलं, तर गेल्या वर्षीचा जून आणि त्याच्या आधीचा जून एकाच ओळीत गुण्यागोविंदाने नांदायला लागतात आणि आपण आनंदाने चुकीची बेरीज घेऊन साहेबांकडे जातो.

आता तक्ता नीट दिसायला लागला. डावीकडे वर्षं आणि महिने, वर विभाग, उजव्या टोकाला एकूण. मी वाचायला लागले. उत्तर. दक्षिण. पश्चिम. पूर्व. पूर्व.

मी चष्मा पुसला. पूर्व दोनदा कशाला? मी यंत्राला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. बिघडलं वाटतं मेलं, ऐन वेळी. पण पिव्होट एकच नाव दोनदा कधीही दाखवत नाही. दोन रकाने दिसले म्हणजे त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. मी अक्षरं मोठी केली.

पहिला होता "पुर्व". दुसरा होता "पूर्व".

एक ऱ्हस्व, एक दीर्घ. एवढ्याशा अक्षरात पडद्यावर दोघं जुळे भाऊ दिसत होते. माणसाला दोन्हीकडे सूर्य उगवतो, पण यंत्राला कुठलं शुद्धलेखन नि कुठलं काय? त्याला अक्षर वेगळं म्हणजे विभाग वेगळा.

मी बोट ठेवून खाली गेले. दीर्घ पूर्व: जूनच्या आधी ४१२, ३९८, ४०५. जूनमध्ये १९०. जुलैत २०५. हे पत्रकातलेच आकडे. आता शेजारचा ऱ्हस्व पुर्व: जूनच्या आधी सगळं रिकामं. जूनमध्ये २१४. जुलैत २२१.

मी पुन्हा बघितलं. १९० आणि २१४. चारशे चार!

"दादा," मी म्हटलं.

"हं."

"दादा, इकडे बघा."

"राहू द्या हो ताई. काय बघायचं त्यात?"

"बघा म्हणते ना!" मी इतक्या जोरात ओरडले, की पलीकडच्या टेबलावरच्या माणसाचा पेन खाली पडला.

ते वाकले. मी त्यांना बोटाने दाखवलं, आधी एक रकाना, मग दुसरा. त्यांना काही उमगेना. मी म्हटलं, "हे पण तुमचंच. हे सगळं तुमचं. चुकीच्या नावाने वेगळं पडलंय."

त्यांचा चेहरा तसाच. हरखून जायलाही माणसाला थोडी सवय लागते.

मी यादीकडे वळले. सगळा तक्ता नको, फक्त विभागाचा रकाना निवडला, नाहीतर दुकानांच्या नावात कुठे हे अक्षर सापडलं तर तिथेही गोंधळ व्हायचा. शोधा: ऱ्हस्व. बदला: दीर्घ. दाबलं बटण. शेकडो ओळी बदलल्याचं यंत्राने मुकाट सांगितलं. मी ऐटीत तक्त्यावर परत आले.

दोन्ही रकाने जसेच्या तसे! १९० आणि २१४. ढिम्म.

"जाऊ दे ताई," दादा हळूच म्हणाले आणि उठायला लागले. "तुम्ही केलंत तेवढं खूप झालं."

आणि मग मीच माझ्या कपाळावर हात मारला. अहो, पिव्होट कधी आपण होऊन यादीकडे परत बघतं का? त्याने मघाशी यादी वाचली, तीच डोक्यात धरून बसलेलं असतं. त्याला ताजं कर म्हणून सांगावं लागतं. मी तक्त्यावर उजवं बटण दाबलं आणि ताजं करा म्हटलं.

ऱ्हस्व पुर्वाचा रकाना नाहीसा झाला. दीर्घ पूर्वाखाली जून: ४०४. जुलै: ४२६. ऑगस्ट, सप्टेंबर, सगळे चारशेच्या वर. डिसेंबरात तर पाचशेला टेकले होते. ज्या महिन्यांत हा माणूस गुडघ्याला पट्टा बांधून दुप्पट फिरत होता, त्या महिन्यांत विक्री वाढत होती.

दादा पुन्हा खुर्चीवर बसले. बसले म्हणजे खाली आलेच एकदम.

"डिसेंबर," ते म्हणाले. "डिसेंबरात मी त्या पुलापलीकडच्या दुकानांना गेलो होतो. तीन दिवस गेलो होतो. ते म्हणाले होते, केला फोन."

"केला होता त्यांनी."

"म्हणजे खोटं नव्हते बोलत." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी उभ्या उभ्या दोन मिनिटं बघितलं आणि मग नेहमीचं पत्रक शेजारी उघडलं. घोडं कुठे अडलं होतं ते लगेच दिसलं. पत्रकात चारच चौकटी आहेत. प्रत्येक चौकटीतलं सूत्र आपापलं नाव यादीत शोधतं आणि तेवढीच बेरीज करतं. दीर्घ पूर्व सापडली की घेतली, ऱ्हस्व सापडली तर ती कोणाचीच नाही. यादीची सगळी बेरीज आणि त्या चार चौकटींची बेरीज एकत्र ठेवून कोणी बघितलीच नव्हती. माल तर पत्त्यावर बिनबोभाट पोचत होता, मग तक्रार तरी कोण करणार?

"पण दक्षिण का नाही चुकली?" साहेबांनी विचारलं. "दक्षिणमध्येही ऱ्हस्व आहे की."

त्याचं उत्तर फोनवर ऑर्डर घेणाऱ्या दोघींपैकी धाकटीकडे होतं. ती जूनमध्येच लागली. आम्ही तिला बोलावलं, तेव्हा ती दारातच थबकली. मी म्हटलं, घाबरू नकोस, नुसतं लिहून दाखव. तिने नव्या ओळीत द टाकला. यंत्राने पुढचा दक्षिण आपण होऊन भरून दिला. उ टाकला, उत्तर आलं. प टाकला, तेव्हा मात्र यंत्र थांबलं, कारण प-चे दोन विभाग. पुढचं अक्षर तिलाच टाकावं लागलं, आणि तिने ऱ्हस्व उकार दिला. त्यातून पूर्व जुळेना. जूनमध्येही असंच झालं, म्हणून तिने अख्खा शब्द स्वतः लिहिला होता. आणि एकदा लिहिल्यावर दुसऱ्या दिवसापासून पु टाकलं की यंत्रच तिला तिचा पुर्व भरून द्यायला लागलं. मोठी बाई दीर्घ लिहायची, ही ऱ्हस्व. निम्म्या निम्म्या ऑर्डरी दोघींकडे.

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यामुळे काका जाणार होते?"

दादा म्हणाले, "अगं, तू फोन उचलत होतीस म्हणून तर माल जात होता. रडतेस काय?" आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तो उकार सांगा हिला एकदा. मलाही सांगा. मीसुद्धा ऱ्हस्वच लिहितो."

साहेब हसले. मी त्यांना पहिल्यांदाच मोठ्याने हसताना बघितलं, आणि सकाळचा राग मी मनातल्या मनात परत घेतला. त्यांनी लगेच सांगून टाकलं, की विभाग आता कोणी लिहायचा नाही, चार नावांच्या यादीतून निवडायचा. ते काम माझ्या गळ्यात पडलं, पण त्या दिवशी मला कोणी फरशी पुसायला सांगितली असती तरी मी पुसली असती.

बैठक फार लांबली नाही. मालकांनी तक्ता बघितला, उजव्या टोकाची एकूण बेरीज गोदामाच्या नोंदीशी लावून बघितली. ती जुळली. मग दादांना म्हणाले, "मला माफ करा. तुमच्याशी बोलायला मी आधी तिकडे यायला हवं होतं." पूर्व विभाग जिथे होता तिथेच राहिला. दादा बाहेर आले तेव्हा त्यांच्या नव्या शर्टाची पाठ घामाने ओली झाली होती, आणि माझा जीव भांड्यात पडला तो तेव्हा.

जिन्याच्या कोपऱ्यात उभं राहून त्यांनी घरी फोन लावला. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज कायम पूर्ण वाढवलेला. मी चोरून ऐकलं असं कोणी म्हणू नये, सगळ्या मजल्याला ऐकू येत होतं.

"अगं," ते म्हणाले आणि थांबले. पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

"काय झालं? काय म्हणाले?"

"अगं, मी कमी पडलो नव्हतो. आकडे चुकले होते. मी नव्हतो कमी पडलो."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "पण मी कधी म्हटलं होतं, तुम्ही कमी पडलात म्हणून?"

दादा जिन्याच्या पायरीवर बसले, फोन कानाशी तसाच धरून, आणि लहान मुलासारखे रडले. मी माझ्या टेबलाशी परत गेले आणि जिन्याकडचं दार लोटून घेतलं.